अर्धा ड्रम म्हणजे शंभर लिटर नव्हे



तेल, फिनाईल, लिक्विड साबण, रंग, काहीही बनवत असाल तरी माल बहुतेकांचा उभ्या ड्रममध्येच असतो. आणि महिनाअखेरीला "किती शिल्लक आहे?" असं विचारलं की मालक ड्रमला बोटाने दोन टिचक्या मारतो, आवाज कुठे बदलतो ते ऐकतो आणि म्हणतो, "अर्ध्याला आलाय. म्हणजे शंभर लिटर असेल." मग हा आकडा वहीत जातो, वहीतून हिशोबात जातो आणि हिशोबातून कधी कधी कुणाच्या तरी पगारातून कापला जातो.

माझं मत स्पष्ट सांगतो. ड्रममधला शिल्लक माल मोजायला टिचकी नको, ड्रमवर छापलेला आकडा नको आणि नेटवरून उतरवलेला तक्ताही नको. प्रत्येक ड्रमचा स्वतःचा एक आकडा असतो: एका सेंटिमीटर उंचीला किती लिटर. तो एकदाच काढायचा आणि ऑइलपेंटने ड्रमच्या अंगावर लिहून टाकायचा. पुढे रोजचं काम म्हणजे पट्टी बुडवायची आणि एक गुणाकार करायचा.

आधी गणित बघू. ते शाळेतलंच आहे. उभा ड्रम म्हणजे एकावर एक ठेवलेल्या गोल चकत्या. चकतीचं क्षेत्रफळ काढलं आणि उंचीने गुणलं की घनफळ मिळतं. सगळं सेंटिमीटरमध्ये मोजलं तर उत्तर घन सेंटिमीटरमध्ये येतं आणि हजार घन सेंटिमीटरचा एक लिटर होतो. म्हणून:

लिटर = ०.७८५४ × व्यास × व्यास × उंची ÷ १०००

०.७८५४ म्हणजे ३.१४१६ चा चौथा भाग. इथला व्यास आतला आहे आणि उंची द्रवाची आहे, ड्रमची नाही. पत्र्याचा जो नेहमीचा २०० लिटरचा ड्रम आपण बघतो, त्याचा आतला व्यास साधारण ५७ सेंटिमीटर असतो. सूत्रात टाकला की सेंटिमीटरला साधारण अडीच लिटरच्या थोडं वर, २.५५ लिटर येतं. एवढा अंदाज डोक्यात ठेवला तरी वहीतले बरेच विचित्र आकडे तुम्हाला लगेच खटकायला लागतील.

आता त्या "अर्धा म्हणजे शंभर" कडे येऊ. ड्रमवर २०० लिटर लिहिलेलं असतं तो माल भरायचा आकडा आहे. काठोकाठ भरला तर त्यात त्याहून जास्त मावतं, कारण वर थोडी मोकळी जागा ठेवूनच भरायचं असतं. पत्र्याच्या ड्रमची आतली उंची साधारण ८५ सेंटिमीटर असते. २.५५ ने गुणून बघा, २१७ च्या आसपास येतं. म्हणजे द्रव बरोबर अर्ध्या उंचीवर असेल तेव्हा आत शंभर नाही, जवळपास १०८ लिटर माल असतो. तेल समजा ३०० रुपये लिटरने विकत असाल तर एका टिचकीत २४०० रुपयांचा माल वहीतून गायब झाला. या महिन्यात तो "कमी" दिसेल, पुढच्या महिन्यात "जास्त" दिसेल आणि तुम्ही नफ्या-तोट्याचं कारण भलतीकडेच शोधत बसाल.

सूत्र सोपं आहे. गडबड होते ती त्यात घालायच्या आकड्यांत, आणि त्यातही सगळ्यात जास्त व्यासात. कारण व्यास सूत्रात दोनदा येतो. ५७ च्या जागी ५८ धरला तर वाटतं की एक सेंटिमीटरने काय बिघडतंय? पण उत्तर साडेतीन टक्क्यांनी फुगतं. १५० लिटरवर ते पाच लिटर झाले.

बंद तोंडाच्या ड्रममध्ये आतला व्यास थेट मोजता येत नाही. मग लोक बाहेरून टेप गुंडाळतात, घेर मोजतात आणि ३.१४१६ ने भागतात. पद्धत चांगली आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. पत्र्याच्या ड्रमच्या पोटाला दोन फुगीर वळ्या असतात. टेप त्यांच्यावरून न्यायचा नाही, सपाट भागावर न्यायचा. दुसरं म्हणजे हा घेर बाहेरचा आहे. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो, त्यामुळे पत्र्याच्या ड्रमला फारसा फरक पडत नाही. प्लास्टिकच्या ड्रमची भिंत मात्र तीन-चार मिलिमीटर असते आणि ती दोन्ही बाजूंनी वजा करावी लागते.

ही भिंत विसरली तर काय होतं, त्याचं एक उदाहरण माझ्या डोळ्यासमोर घडलं. ते सविस्तर सांगतो, कारण त्यात एका मुलाची नोकरी जायची वेळ आली होती.

एक ताई आहेत. स्वतःचा लाकडी घाणा आहे, शेंगदाणा तेल काढतात. निथळलेलं तेल निळ्या प्लास्टिकच्या फूड ग्रेड ड्रममध्ये साठवतात आणि लिटरच्या बाटल्या भरून विकतात. भरणीला एक मुलगा आहे. ताई शिस्तीच्या, टिचकीवाल्या नाहीत. त्यांनी ड्रमचा घेर मोजला, तो १८२ सेंटिमीटर आला. ३.१४१६ ने भागून व्यास ५७.९. सूत्रात घालून सेंटिमीटरला २.६३ लिटर. ड्रम भरला त्या दिवशी तेलाची उंची ६५ सेंटिमीटर होती, म्हणून वहीत १७१ लिटर लिहिलं.

५० बाटल्या विकल्यावर शिल्लक १२१ हवं होतं. पट्टीवर ४५.५ सेंटिमीटर दिसलं, म्हणजे ११९.७ लिटर. सव्वा लिटर कमी. ताईंनी मनावर घेतलं नाही. १०० बाटल्यांनंतर ७१ हवं होतं, उंची २६ आली, म्हणजे ६८.४. आता अडीच लिटर कमी. १४० बाटल्यांनंतर ३१ हवं होतं, उंची १०.४ आली, म्हणजे साधारण २७.४. साडेतीन लिटरच्या वर कमी! हजार-अकराशे रुपयांचं तेल. ताईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, मुलगा बरा वाटला होता हो. पण दर वेळी वाढतंच चाललंय."

मी म्हटलं, ताई, कशाच्या प्रमाणात वाढतंय ते आधी बघा.

५० ला १.३, १०० ला २.६, १४० ला ३.६. प्रत्येक वेळी विक्रीच्या बरोबर २.६ टक्के. चोरी एवढी शिस्तशीर नसते. कुणी तेल नेलं तर एक दिवस दोन लिटरचा खड्डा पडेल, मग आठवडाभर काहीच दिसणार नाही. तोटी गळत असेल तर तूट दिवसांबरोबर वाढते. दुकान बंद असलेल्या दिवशीही वाढते. तूट विक्रीच्या ठरावीक टक्क्याने वाढत असेल तर संशय दोनच ठिकाणी घ्यायचा: एक तर सेंटिमीटरला लिटरचा आकडा चुकलाय, नाहीतर प्रत्येक बाटलीत थोडं जास्त जातंय.

बाटलीची शंका आधी काढून टाकली, कारण ती पाच मिनिटांत निघते. शेंगदाणा तेलाचा एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतो. रिकामी बाटली काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा आणि त्याच बाटलीत रोजच्यासारखं भरून वजन बघायचं. ताईंनी दहा बाटल्या तपासल्या. कुठे चार ग्रॅम वर, कुठे तीन खाली, एका बाजूला झुकाव नाही. म्हणजे भरणारा मुलगा उलट चोख निघाला!

उरला ड्रमचा आकडा. तो पडताळायला एक पुरावा ताईंच्याच वहीत पडून होता. ड्रममध्ये तेल ओतताना त्यांनी १५ किलोचे दहा डबे वजन करून ओतले होते. दीडशे किलो. ०.९१ ने भागलं की १६४.८ लिटर. वहीत तर १७१! म्हणजे ड्रम भरला त्याच दिवशी सहा लिटर हवेतलं तेल जमेला धरलं गेलं होतं. ते कुणी नेलं नव्हतं, ते कधी नव्हतंच. किलो एका पानावर आणि लिटर दुसऱ्या पानावर असले की हे दिसत नाही. आपल्याकडे तेल काढणारा किलोत बोलतो आणि विकणारा लिटरमध्ये, त्यामुळे मधला हा भागाकार कुणीच करत नाही.

आता खरा आकडा कसा काढायचा? इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. भिंतीची जाडी किती, ड्रम किंचित निमुळता आहे का, तळ फुगलेला आहे का, या भानगडीत पडूच नका. ड्रमलाच विचारा. ताईंकडे त्याच कंपनीचा, त्याच मापाचा एक रिकामा ड्रम होता. तो सपाट फरशीवर उभा केला. बादलीवरच्या खुणांवर विश्वास न ठेवता पाणी काट्यावर मोजलं, कारण पाण्याचा एक किलो म्हणजे एक लिटर धरायला हरकत नाही. आधी ४० लिटर ओतलं आणि पट्टीने उंची घेतली: १६.३ सेंटिमीटर. मग आणखी १०० लिटर ओतलं: ५५.३ सेंटिमीटर. १०० लिटरला पातळी ३९ सेंटिमीटर चढली. १०० भागिले ३९, सेंटिमीटरला २.५६ लिटर. उलटं गणित केलं तर आतला व्यास ५७.१ निघतो, म्हणजे भिंत दोन्हीकडे चार-चार मिलिमीटर. ताईंच्या २.६३ मधली सगळी चूक या चार मिलिमीटरची होती.

आधी ४० लिटर का ओतले, हे पण समजून घ्या. ड्रमचा तळ क्वचितच सपाट असतो. बऱ्याच ड्रमचा तळ मधोमध आत उचललेला असतो आणि आपली पट्टी कडेला, सगळ्यात खोल जागी टेकते. त्यामुळे पट्टी जेवढी उंची दाखवते तेवढा माल खाली नसतो. आधी तळ बुडवून घेतला आणि त्यानंतरची चढ मोजली की तळाचा घोळ आकड्यात शिरत नाही. आणि तो घोळ किती आहे तेही कळतं. १६.३ ला २.५६ ने गुणलं तर ४१.७ येतं, पाणी तर ४० च ओतलं होतं. म्हणजे या ड्रमला कायम १.७ लिटर वजा करायचे.

ताईंच्या ड्रमवर आता हे लिहिलंय:

लिटर = उंची × २.५६ − १.७

यात त्यांचे जुने आकडे घालून बघा. भरला त्या दिवशी ६५ सेंटिमीटर: १६४.७ लिटर. डब्यांच्या वजनावरून आलेलं उत्तर १६४.८ होतं. १४० बाटल्यांनंतर १०.४ सेंटिमीटर: २४.९ लिटर. १६४.८ मधून १४० गेले तर २४.८ उरतात. हिशोब जुळला. मुलगा कामावर आहे.

पाण्याने ड्रम मोजला तर तो तेलासाठी वापरण्याआधी पूर्ण कोरडा करा, उलटा घालून दोन दिवस वाळू द्या. तेलात ओल राहिली तर ते खराब होतं आणि मग लिटर मोजायची वेळच येत नाही. तेवढा वेळ नसेल तर पहिल्यांदा ड्रम भरताना प्रत्येक डब्याचं वजन घ्या आणि दर तीन-चार डब्यांनंतर उंची लिहा. त्यातूनही हाच आकडा निघतो.

व्यासाची चूक टक्केवारीत येते हे आपण पाहिलं. उंचीची चूक वेगळी वागते. ड्रम भरलेला असो की तळाला गेलेला, एक सेंटिमीटर चुकला की अडीच लिटर चुकले. आणि हा सेंटिमीटर जातो कुठे, तर बहुतेक वेळा फरशीच्या उतारात. आपल्या शेडची फरशी धुवायला सोपी जावी म्हणून मोरीकडे उतरती असते. ड्रमच्या रुंदीत दोन सेंटिमीटरचा उतार असेल तर एका कडेला उंची मधल्यापेक्षा एक सेंटिमीटर जास्त दिसते आणि समोरच्या कडेला एक कमी. आज या बाजूने मोजलं आणि उद्या त्या बाजूने, तर ड्रमला हात न लावता पाच लिटर येतात-जातात.

रुंद तोंडाचा ड्रम असेल तर उताराच्या जागी पट्टी मधोमध सोडा. मात्र मग आकडा काढतानाही मधोमधच मोजा, कारण तळाची वजावट जागेप्रमाणे बदलते. बंद तोंडाच्या ड्रमला वर दोन बुचं असतात आणि ती एकमेकांसमोर, दोन्ही कडांना असतात. दोन्ही उघडा, दोन्हीकडून उंची घ्या आणि सरासरी काढा. तळ सगळीकडे बुडालेला असेल तोवर उतार आपोआप कटतो. पत्र्याच्या ड्रमचं एक बूच लहान असतं, तेव्हा बारीक स्टीलची पट्टी ठेवा. लाकडी काठी शक्यतो नको; तेल लाकडात वर चढतं आणि खूण सरकते. पट्टी कोरडी पुसून सरळ खाली सोडायची, टेकली की लगेच वर काढायची आणि चमक जिथे संपते तिथे वाचायचं.

बाहेरून ड्रमला पट्टी लावून उंची मोजू नका. पत्र्याच्या ड्रमचा तळ जमिनीला टेकलेला नसतो, कडेच्या आत थोडा वर बसवलेला असतो. बाहेरून मोजलं की ती पोकळ जागाही तेल म्हणून धरली जाते. ही चूक ओळखायची खूण म्हणजे ती वाढतही नाही आणि कमीही होत नाही. विकलेल्या मालाचा हिशोब बरोबर जुळत राहतो, पण ड्रम आडवा करून निथळला तरी वहीत चार-पाच लिटर उरलेलेच असतात.

घाण्याच्या तेलात आणखी एक भाग येतो, तो म्हणजे गाळ. तोटी तळापासून पाच सेंटिमीटर वर बसवलेली असेल तर तिच्या खालचे साधारण अकरा लिटर पट्टीला दिसतात, पण बाटलीत येत नाहीत. म्हणून वहीत दोन आकडे ठेवा असं मी सांगतो: एकूण माल आणि तोटीच्या वरचा माल. दुसरा काढायला उंचीतून पाच वजा करायचे आणि २.५६ ने गुणायचं, तिथे तळाची वजावट लागत नाही. ऑर्डर घेताना फक्त हा दुसरा आकडा बघा. एकूण ४० लिटर आहेत म्हणून ४० बाटल्यांचा शब्द दिला तर शेवटच्या डझनभर बाटल्यांत गिऱ्हाइकाला गाळ जाईल.

काही जण विचारतात, मग ड्रमच काट्यावर का ठेवू नये? तीनशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा असेल आणि रिकाम्या ड्रमचं वजन लिहून ठेवलेलं असेल तर जरूर ठेवा, ती पद्धत उत्तम आहे. पण दोनशे किलोचा ड्रम महिन्यातून चार वेळा काट्यावर चढवायला माणसं लागतात, आणि नवीन धंद्यात तो काटा घेण्याइतके पैसे दुसरीकडे जास्त उपयोगी पडतात. पट्टी त्या मानाने स्वस्तात येते.

आणि पट्टीकडून काटेकोरपणा तरी किती मागायचा? दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे वाचलं जाणारच, म्हणजे अर्धा-पाऊण लिटर. वर उन्हाळ्यात तेल फुगतं: दहा अंश तापमान वाढलं तर दीडशे लिटरला साधारण एक लिटर. म्हणून साठा नेहमी एकाच वेळी मोजा, सकाळी दुकान उघडताना बरं. वहीत १०२.३७ असले आकडे लिहू नका, १०२ लिहा. एका मोजणीत लिटरभर तूट दिसली तर कुणालाही जाब विचारू नका, पुढच्या तीन मोजण्या होऊ द्या. तूट, त्या दिवसापर्यंतची विक्री आणि तारीख अशा तीन रकान्यांत त्या लिहा. तूट विक्रीबरोबर वाढते, तारखेबरोबर वाढते, की एका ठिकाणी अचानक पडते, ते चौथ्या ओळीपर्यंत दिसायला लागतं.

ड्रम आडवा ठेवून तोटी लावणाऱ्यांनी यातलं काही वापरू नका. आडव्या ड्रममध्ये तळाजवळचा एक सेंटिमीटर आणि मधला एक सेंटिमीटर यांत सारखा माल नसतो, त्यामुळे एकाच आकड्याने गुणून चालत नाही. मोजायचं असेल त्या दिवशी तो उभा करा, तेल स्थिर होऊ द्या आणि मग पट्टी सोडा.